यूपीआय ऑटोपे: पिन टाकण्याआधी काय वाचायचं आणि नको झाल्यावर मॅन्डेट कसा बंद करायचा

"अहो, ॲप तर मी कधीच काढून टाकलं. मग पैसे कसे कापले?" हा प्रश्न घेऊन दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी माझ्याकडे फोन पुढे करतं. उत्तर दर वेळी तेच असतं, आणि चूकही बहुधा एकाच जागी झालेली असते: ऑटोपे, म्हणजे ठरल्या वेळी खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याची सोय, लावताना शेवटचा पडदा न वाचता पिन टाकलेला असतो. पुढे बंद करताना भलतंच दार बंद केलेलं असतं. ओटीटी, ई-पेपर, गाण्याचं ॲप, मुलांचं अभ्यासाचं ॲप अशा वर्गण्यांपुरतं हे सगळं क्रमाने सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तुमची वर्गणी, म्हणजे सबस्क्रिप्शन, कंपनीच्या वहीत असते. मॅन्डेट ही तुम्ही तुमच्या बँकेला दिलेली परवानगी: "या कंपनीने मागितले की माझ्या खात्यातून इतके पैसे दे." ती बँकेकडे आणि तुमच्या यूपीआय ॲपमध्ये नोंदलेली असते. कंपनीचं ॲप फोनमधून उडवलं की या दोन्हींपैकी काहीच बंद होत नाही. फक्त तुमच्या नजरेआड होतं.

## १. तयारी: कुठलं खातं, कुठलं ॲप

पगार जमा होतो किंवा घराचा हप्ता जातो, त्या खात्यावर वर्गण्या लावू नका. घरात दुसरं बचत खातं असेल तर ते यूपीआयला जोडा आणि त्यात महिन्याच्या वर्गण्यांपुरतीच रक्कम ठेवा. किमान शिलकीची अट मात्र आधी बघून घ्या. कुणी जास्तीचे पैसे ओढायचा प्रयत्न केला तरी नुकसान त्या खात्यापुरतंच राहतं.

सगळ्या वर्गण्यांसाठी यूपीआय ॲपही एकच ठरवा. लोक आज फोनपेवरून, उद्या गूगल पेवरून, परवा पेटीएमवरून परवानगी देतात. मग वर्षभराने शोधताना तिन्ही ॲप धुंडाळावी लागतात. मॅन्डेट ज्या ॲपच्या यूपीआय आयडीवर नोंदला जातो, त्याच ॲपमध्ये तो सांभाळणं सोपं असतं.

मॅन्डेट नोंदताना निवडलेल्या खात्यालाच तो चिकटतो, हेही लक्षात ठेवा. नंतर तुम्ही ॲपमध्ये मुख्य खातं बदललं तरी जुना मॅन्डेट आपोआप नव्या खात्यावर येत नाही.

तपासा: बँकेचे एसएमएस ज्या नंबरवर येतात, तो नंबर तुमच्या हातातल्या फोनमध्ये चालू आहे ना? पुढची सगळी राखण त्या एसएमएसवर आहे.

## २. विनंती येते कुठून

वर्गणी घेताना पैसे भरण्याच्या पानावर यूपीआय निवडलं की तीनपैकी एक गोष्ट होते. फोनवरच असाल तर तुमचं यूपीआय ॲप आपोआप उघडतं. टीव्हीवर किंवा संगणकावर असाल तर क्यूआर कोड दिसतो, तो स्कॅन करायचा. काही ठिकाणी यूपीआय आयडी टाकायला सांगतात आणि मग तुमच्या ॲपमध्ये ऑटोपेची विनंती येऊन पडते.

पहिल्या दोन प्रकारांत सुरुवात तुम्ही केलेली असते, त्यामुळे गोंधळ कमी होतो. तिसऱ्यात विनंती बाहेरून येते, म्हणून तिथे एकच नियम पाळा. तुम्ही आत्ता, या पाच मिनिटांत वर्गणी घेत नसाल, तर ती विनंती नाकारा. नाव ओळखीचं वाटलं तरी नाकारा.

सावधान: "जुना ऑटोपे रद्द करण्यासाठी ही विनंती मंजूर करा" असं फोनवर कुणी सांगत असेल तर फोन ठेवून द्या. रद्द करण्याची सुरुवात नेहमी तुम्ही तुमच्या ॲपमधून करायची असते.

## ३. पिनआधीचा पडदा: इथे एक मिनिट थांबा

सगळा खेळ इथला आहे. कंपनीच्या पानावर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो, बँकेच्या दृष्टीने तुम्ही यूपीआय ॲपच्या या एका पडद्यावर जे दिसतं ते मान्य करता. त्यावरच्या चार ओळी वाचायच्या.

रक्कम. ती दोन तऱ्हेने लिहिलेली असते. एकीत ठरलेला आकडा असतो: दर वेळी तेवढेच कापायचे. दुसरीत "इतक्यापर्यंत" असतं, पडद्यावर `Upto` किंवा `Max` असं काहीतरी दिसतं. दुसऱ्या प्रकारात कंपनी त्या मर्यादेच्या आत कितीही मागू शकते. वर्गणी ₹१९९ची आणि मर्यादा ₹५,०००ची असेल, तर उद्या भाव ₹३९९ झाला तरी तुमच्याकडून नवा पिन मागितला जाणार नाही. आदल्या दिवशी एक सूचना येईल आणि पैसे जातील. मर्यादा ₹१९९चीच असती, तर भाव वाढवताना कंपनीला तुमच्याकडून नवी परवानगी घ्यावी लागली असती. "पर्यंत" दिसलं म्हणजे लबाडीच आहे असं नाही. वीजबिलासारख्या बदलत्या रकमेला तेच योग्य असतं. पण दरमहा ठरलेल्या वर्गणीला दहा-वीस पट मर्यादा कशाला लागते, हे मात्र विचारा.

इथे रिझर्व्ह बँकेचा एक नियम माहीत असावा. पहिल्यांदा मॅन्डेट नोंदताना पिन लागतोच. त्यानंतरची कपात ₹१५,०००पर्यंत असेल तर पिनशिवाय होते. ही मर्यादा जून २०२२मध्ये ₹५,०००वरून वाढवली. म्युच्युअल फंड, विम्याचे हप्ते आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३पासून ₹१ लाखाची मर्यादा आहे. तुमच्या ओटीटीचा त्या लाखाशी संबंध नाही, पण ₹१५,००० हा आकडाही वर्गणीच्या मानाने मोठाच आहे.

किती वेळा. मासिक, तिमाही, वार्षिक वगैरे. `As presented` असं दिसलं तर त्याचा अर्थ "कंपनी मागेल तेव्हा". वर्गणीला ही मुभा देऊ नका.

कधीपर्यंत. शेवटची तारीख दहा-पंधरा वर्षांनंतरची दिसणं नेहमीचं आहे. त्याने घाबरू नका, कारण मॅन्डेट मध्येच कधीही मागे घेता येतो. पण तो आपोआप संपेल अशी आशाही ठेवू नका.

कोणाला. तुम्हाला ॲपचं नाव अपेक्षित असतं आणि पडद्यावर कंपनीचं नोंदणीकृत नाव किंवा मधल्या पेमेंट कंपनीचं नाव येतं. प्ले स्टोअरमधून वर्गणी घेतली तर घेणारा म्हणून गूगल दिसतो. हे नाव आत्ताच लिहून ठेवा. वर्षभराने यादीत तुम्हाला हेच नाव शोधायचं आहे.

### घरातलंच उदाहरण

माझ्या वहिनीने पुतण्यासाठी अभ्यासाचं एक ॲप घेतलं. पानावर मोठं बटण होतं: "७ दिवस फक्त ₹१". ३ जूनला तिने ते दाबलं, यूपीआय ॲप उघडलं, तिने पिन टाकला. एक रुपया गेला.

त्या पडद्यावर एक रुपयाच्या खाली बारीक ओळ होती: ₹१,४९९पर्यंत, तिमाही. एका पिनने दोन कामं झाली होती, एक रुपयाचं पेमेंट आणि दर तीन महिन्यांनी दीड हजार ओढण्याची परवानगी. पुतण्याला ॲप आवडलं नाही. ७ जूनला वहिनीने ते फोनमधून काढून टाकलं आणि विषय संपला असं समजली. ९ तारखेला बँकेचा एसएमएस आला, तो कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत राहून गेला. ॲपच नसल्याने कंपनीची सूचना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. १० जूनला ₹१,४९९ गेले.

७ तारखेला तिच्याकडे तीन दिवस होते. काम दोन मिनिटांचं होतं. तिने केलं, पण चुकीच्या जागी.

तपासा: पिन टाकण्याआधी स्वतःशी एक वाक्य पूर्ण करता येतं का बघा: "अमुक कंपनी, दर इतक्या दिवसांनी, जास्तीत जास्त इतके रुपये, माझ्या अमुक खात्यातून घेईल." एकही जागा रिकामी राहिली तर मागे फिरा. मागे फिरल्याने काही बिघडत नाही, ऑफर उद्याही असते.

## ४. पिन टाकल्यावर लगेच

यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी उघडा. गूगल पे आणि फोनपेमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टिचकी मारून `Autopay` शोधा. पेटीएममध्ये ते यूपीआयच्या सेटिंग्जमध्ये असतं. ॲप अपडेट झालं की या जागा इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर ॲपच्या शोधपट्टीत `Autopay` टाका.

यादीत नवा मॅन्डेट चालू म्हणून दिसायला हवा. त्यावर टिचकी मारली की तपशील उघडतो आणि त्यात `UMN` नावाचा लांबलचक क्रमांक असतो. हा मॅन्डेटचा स्वतःचा क्रमांक. पुढे बँकेत तक्रार करायची वेळ आली तर हाच विचारतील. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावा, पण कपातीच्या दिवशीची नाही. चाचणीचे दिवस संपण्याच्या तीन दिवस आधीची लावा. ३ जूनला सात दिवसांची चाचणी घेतली, तर आठवण ७ जूनची.

## ५. कपातीच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना मिळायला हवी, असा नियम आहे. तीत कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते. ही सूचना म्हणजे तुमची शेवटची संधी. ती वाचून मॅन्डेट रद्द करता येतो. मात्र रोज सकाळी एसएमएस न बघणाऱ्याला चोवीस तास कमी पडतात, म्हणूनच तीन दिवस आधीची आठवण.

१ ऑगस्ट २०२५पासून ऑटोपेची कपात यूपीआयच्या गर्दीच्या वेळा टाळून होते. म्हणजे सकाळी १०च्या आधी, दुपारी १ ते ५ किंवा रात्री साडेनऊनंतर. "संध्याकाळी बघू" म्हणून ठेवलं, तर सकाळी चहाच्या वेळीच पैसे गेलेले असू शकतात.

खात्यात पैसे नसतील तर कपात अपयशी होते. काही जण हीच युक्ती समजतात: खातं रिकामं ठेवलं की वर्गणी बंद. तसं होत नाही. एका कपातीसाठी पहिला प्रयत्न आणि त्यानंतर आणखी तीन, असे चार प्रयत्न करता येतात. मधेच कुणी तुम्हाला पाचशे रुपये पाठवले तर ते तिकडे जातील. आणि चारही प्रयत्न फसले तरी मॅन्डेट जिवंत असू शकतो, तो पुढच्या महिन्यात पुन्हा उभा राहतो.

## ६. तीन महिन्यांतून एकदा यादी तपासा

ऑटोपेची यादी उघडा आणि चालू असलेली प्रत्येक नोंद वाचा. नाव ओळखीचं नसेल तर तपशिलात जाऊन मागच्या कपातीची तारीख बघा आणि त्या तारखेचा बँकेचा एसएमएस किंवा ईमेल शोधा. कंपनीची पावती बहुधा ईमेलमध्येच सापडते.

एकापेक्षा जास्त यूपीआय ॲप वापरलेली असतील तर प्रत्येकात हे करा. एखादं ॲप मधल्या काळात फोनमधून काढलं असेल, तर ते पुन्हा टाकून त्याच नंबरने नोंदणी करा आणि यादी बघा. ऑक्टोबर २०२५मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने यूपीआय ॲपना सांगितलं आहे की ग्राहकाला इतर ॲपवरचे मॅन्डेटही दिसावेत आणि हवे तर एका ॲपवरून दुसऱ्यावर नेता यावेत. तुमच्या ॲपमध्ये तो पर्याय दिसत असेल तर काम सोपं होईल.

पैसे दर महिन्याला जातात पण यादीत काहीच नाही, असं झालं तर ती कपात यूपीआयची नसेल. पासबुकात `NACH` किंवा `ACH` लिहिलेलं असेल तर तो बँकेतला वेगळा मॅन्डेट आहे आणि तो नेटबँकिंगमधून किंवा शाखेतून बंद होतो. कार्डावर लावलेली वर्गणीही इथे दिसत नाही, ती कार्ड देणाऱ्या बँकेच्या साइटवर असते.

सावधान: साफसफाईच्या भरात यादीतल्या सगळ्याच नोंदी उडवू नका. आयपीओसाठी अर्ज केला असेल तर त्याची अडवून ठेवलेली रक्कमही मॅन्डेट म्हणूनच दिसते. एसआयपी आणि विम्याचे हप्तेही इथेच असू शकतात. हप्ता चुकला की पॉलिसीचं काय होतं, ते सांगायला नको.

## ७. रद्द करणं: आधी वही, मग परवानगी

हातात दोन-तीन दिवस असतील तर हा क्रम ठेवा.

आधी कंपनीच्या ॲपमध्ये किंवा साइटवर जाऊन वर्गणी रद्द करा. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये शोधत बसू नका, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जा. रद्द केल्याचा ईमेल येईपर्यंत थांबा. "थांबा, ५०% सवलत देतो" असे दोन-तीन पडदे मध्ये येतील. शेवटचा पडदा येईपर्यंत पुढे जात राहा, बरेच जण सवलतीच्या पडद्यावरच बाहेर पडतात आणि रद्द झालं असं समजतात.

मग यूपीआय ॲपमध्ये जाऊन तोच मॅन्डेट उघडा आणि रद्द करा. बटणावर `Cancel`, `Revoke` किंवा `Delete` यापैकी काहीतरी असतं. इथे यूपीआय पिन मागितला जातो आणि लोक दचकतात. पिन म्हणजे पैसे जाणार, असं आपल्याला सगळ्यांनी शिकवलं आहे. पण परवानगी मागे घेणारे तुम्हीच आहात हे बँकेला पटवायला पिन लागतो. पिनच्या पडद्यावर रद्द करण्याचाच उल्लेख आहे ना, एवढं बघून टाका.

कंपनीने आपली बाजू बंद केल्यावर काही वेळा मॅन्डेट तिच्याकडूनच रद्द होतो आणि यादीत तो संपलेला दिसतो. तसं झालं असेल तर उत्तम. पण गृहीत धरू नका, उघडून बघा.

कपातीची सूचना आली आहे आणि हातात काही तासच आहेत, तेव्हा क्रम उलटा करा. आधी मॅन्डेट, मग कंपनी. पैसे थांबवणं पहिलं. मात्र उलट्या क्रमात दुसरी पायरी विसरू नका. कंपनीच्या वहीत तुम्ही अजून ग्राहकच असता, मग ती "पेमेंट अयशस्वी" म्हणून निरोप पाठवत राहते आणि नव्या ऑटोपेची विनंतीही पाठवू शकते. झोपेत ती मंजूर केलीत की सगळं पहिल्यापासून.

`Pause` हे बटणही शेजारी असतं. त्याने मॅन्डेट थोड्या काळापुरता थांबतो, मरत नाही. परीक्षेच्या महिन्यात ओटीटी नको असेल तर ते ठीक आहे. कायमचं बंद करायला ते वापरू नका.

उसनवारीच्या ॲपचे हप्ते यात धरू नका. तिथे मॅन्डेट रद्द केल्याने कर्ज फिटत नाही, उलट दंड लागतो.

तपासा: यादीतली नोंद चालूमधून निघून रद्द झालेल्यांत गेली का? बँकेचा किंवा ॲपचा संदेश आला का? दोन्ही नसेल तर थोड्या वेळाने पुन्हा बघा. नेटवर्क अडखळल्यामुळे रद्द न झालेले मॅन्डेट मी पाहिले आहेत.

## ८. तरीही पैसे गेले तर

पहिलं काम परतावा मागण्याचं नाही. पहिलं काम मॅन्डेट रद्द करण्याचं, म्हणजे पुढची कपात थांबेल.

मग कंपनीला लेखी लिहा. ईमेल किंवा ॲपमधली तक्रार चालेल, पण ज्याचा पुरावा राहील असंच. तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक आणि रद्द केल्याचा स्क्रीनशॉट द्या. त्याच वेळी यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा. रद्द केल्यानंतरही पैसे गेले असतील, तर प्रश्न बँकेचा आहे आणि तिथे `UMN` उपयोगी पडतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते.

मॅन्डेट चालू असताना पैसे गेले असतील, तर बँक हात वर करते आणि ते बरोबरच आहे, कारण परवानगी तुमचीच होती. तिथे बोट कंपनीकडे दाखवायचं. वर्गणी घेणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, याला २०२३च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यांच्या मांडणीविषयीच्या, केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणून नाव दिलेलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोन करताना रद्द करण्याचं बटण कुठे लपवलं होतं, त्याचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. आणि कुणी फसवून पिन टाकायला लावला असेल, तर ही वाट सोडून तडक सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, फोन करा. तिथे तासातासाने फरक पडतो.

वहिनीचे ₹१,४९९ परत आले नाहीत, "चाचणीनंतर परतावा नाही" हे अटींमध्ये लिहिलेलं होतं. आम्ही १० जूनलाच मॅन्डेट काढून टाकला, त्यामुळे १० सप्टेंबरची कपात वाचली. अभ्यासाचं ॲप ९ सप्टेंबरपर्यंत पैसे भरलेलं होतं, म्हणून ते पुन्हा फोनमध्ये टाकलं. पुतण्याने त्यातली गणिताची दोन प्रकरणं सोडवली, मग पुन्हा क्रिकेट.